दोनशे बावीस किलो

संध्या आमच्या कंपनीत आली तेव्हा तिला खिडकीजवळची जागा हवी होती. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, वाऱ्यासाठी. पण ती खिडकी उघडायचीच नाही. तिला फक्त काच हवी होती.

आनंदनगर एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं करणारा आमचा कारखाना. मी तिथे प्रॉडक्शन क्लार्क होतो. तीन पाळ्या चालायच्या आणि सुट्टी शुक्रवारची. दर महिन्याच्या तीन तारखेला मी एका पानावर महिन्याचा कारभार मांडायचो: किती माल निघाला, किती वाया गेला, कोणतं मशीन किती तास बंद होतं. प्रत्येक आकड्यासाठी एक चौकोन होता आणि तो हिरवा, पिवळा किंवा लाल व्हायचा. या पानाला साहेब लोक डॅशबोर्ड म्हणत. ते आठ जणांना ईमेलने जायचं आणि एक प्रत गेटजवळच्या फळ्यावर लागायची. आकडे मी माझ्या रजिस्टरमधून बघून एक्सेलमध्ये हाताने भरायचो. मला तेवढंच येत होतं.

२००८ साली ठरलं की हे काम आता कॉम्प्युटर आपोआप करील. स्टोअरमधल्या काट्याजवळ एक कॉम्प्युटर बसवला. वाया गेलेल्या मालाचा क्रेट काट्यावर ठेवला की स्टोअरचा अनंता वजन टाइप करायचा, तारीख आणि वेळ कॉम्प्युटर स्वतः टाकायचा. त्यातून नवा डॅशबोर्ड बांधायचं काम संध्याकडे आलं. ती सव्वीस वर्षांची होती, स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झालेली. राहायची बदलापूरला कात्रपमध्ये, आईबरोबर. तिचं लहानपण मात्र उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात गेलं होतं. तिची आई जनाबाई तिथे जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करायची.

हे सगळं तिनेच मला एकदा डबा खाताना सांगितलं. "काका, पँटचे डावे-उजवे पाय गठ्ठ्याने कापून यायचे," ती म्हणाली. "शिवायच्या आधी मी डावा उजव्यावर ठेवून बघायचे. माझं कामच ते. अर्धा इंच जरी फरक असला तरी आईला सांगायचं."

"मग आई काय करायची?"

"आधी विचारायची, चुकीचा कोणता? डावा की उजवा? मला ते सांगता यायचं नाही. मग तिसरा पाय आणून ठेवायचा." ती हसली. "फरक दिसला म्हणजे चूक सापडली असं नसतं, काका. फक्त फरक सापडलेला असतो."

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिचा नवा डॅशबोर्ड तयार झाला. मेचं पान नव्या पद्धतीने निघणार होतं आणि दोन जूनच्या सोमवारी मीटिंगमध्ये त्याला मंजुरी मिळाली की फळ्यावर लागणार होतं. पण त्याआधी तिने एक अट घातली. एप्रिलचं पान मी जुन्या पद्धतीने काढून वाटून झालं होतं. तेच एप्रिल नव्या पद्धतीने पुन्हा काढायचं आणि दोन्ही पानं ताडून बघायची.

"तुमची एक्सेल फाइल नको," ती मला म्हणाली. "त्यात नंतर कोणी काही बदललं असेल. फळ्यावर लागलेला कागदच द्या. लोकांनी जो बघितला तो."

फळ्यावरचा कागद मी टाचण्यांसकट काढून दिला. तिने तो आणि आपला नवा कागद एकावर एक ठेवले आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात दोन्हीकडचे आकडे एकमेकांवर दिसायला लागले. जिथे जुळत होते तिथे एकच आकडा दिसायचा, जिथे जुळत नव्हते तिथे गिचमिड. एवढ्यासाठी तिला खिडकी हवी होती. मग अर्थात तिने कॉम्प्युटरवरही तीन रकाने केले: जुना, नवा, फरक. पण सुरुवात काचेवरच.

त्या पानावर एक्केचाळीस चौकोन होते. एकोणतीस जुळले. बारा जुळले नाहीत.

या बारांत एका माणसाची नोकरी अडकली होती, ते इथेच सांगतो. चंदू जांभूळ गावचा. चौदा वर्षं मशीनवर काढून तो सहा महिन्यांपूर्वी तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर झाला होता, तोही ट्रायलवर. प्लांट मॅनेजर हरेश साहेब उल्हासनगरचे सिंधी. माणूस वाईट नव्हता, पण फार घाईचा. त्यांनी सगळ्या सुपरवायझरांना सांगून ठेवलं होतं, "नवीन डॅशबोर्ड येऊ दे. जो लाल, तो खाली. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." वाया गेलेला माल चार टक्क्यांच्या वर गेला की चौकोन लाल. चंदूच्या बाबतीत खाली म्हणजे परत मशीनवर. त्याच्या पोरीचं, उन्नतीचं, लग्न ठरत होतं आणि मुलाकडच्यांना सांगताना त्याने सुपरवायझर असंच सांगितलं होतं.

माझ्या एप्रिलच्या पानावर तिसऱ्या पाळीचे तीनशे अठ्ठ्याण्णव किलो वाया गेलेले होते, म्हणजे तीन पूर्णांक एक टक्के. रंग पिवळा. नव्या पानावर तीच पाळी सहाशे वीस किलोंवर गेली होती. चार पूर्णांक आठ टक्के. लाल.

संध्या त्या चौकोनाकडे लगेच गेलीच नाही. तिने बारा फरकांची यादी केली आणि वरून खाली जाऊ लागली. सात फरक अगदी बारीक होते. मी दशांशानंतरचा एक आकडा ठेवून पुढचं सोडून द्यायचो, कॉम्प्युटर तो आकडा जवळच्या आकड्यापर्यंत पूर्ण करायचा. त्यांच्यापुढे तिने कारण लिहिलं. तीन फरक मशीन बंद असल्याच्या तासांचे होते. नव्या पद्धतीत जेवणाची सुट्टी त्यात धरायची नाही असं मार्चमध्येच ठरलं होतं, म्हणून ते कमी येणारच होते. पण तिथेही तिने नुसतं 'ठरलेलं' लिहून सोडलं नाही. जेवणाच्या सुट्ट्यांचे तास मोजले, फरक बरोबर तेवढाच आहे हे बघितलं, मग खूण केली.

राहिले दोन. दुसरी पाळी आणि तिसरी पाळी.

हरेश साहेब मागे येऊन उभे राहिले. "टोटल जुळतं का?"

"हो सर. जुन्यात बाराशे चव्वेचाळीस किलो, नव्यातही बाराशे चव्वेचाळीस."

"मग झालं ना. टोटल बरोबर है तो रिलीज कर."

"टोटल जुळतं म्हणूनच मला बघायचंय सर. दुसरी पाळी चारशे छत्तीसवरून दोनशे चौदा झालीय, म्हणजे दोनशे बावीस कमी. आणि तिसरी बरोबर दोनशे बावीस जास्त. माल कुठे गेला नाही, आला नाही. फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "या धोंडिबा काकांनी चंदूला सांभाळून घेतलं असेल. रोज चहा पाजतो त्यांना."

मी रजिस्टरची पानं चाळत बसलो.

"असेल," संध्या शांतपणे म्हणाली. "किंवा माझं चुकलं असेल. सोमवारपर्यंत सांगते."

हे मला थोडं लागलं. ती माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटलं होतं. नंतर घरी जाताना कळलं की तिने कोणाचीच बाजू घेतली नव्हती.

बुधवारी चंदू स्वतः आला, रात्रीची पाळी करून, न झोपता. पिशवीत ताडगोळे होते. ते त्याने तिच्या टेबलावर ठेवले.

"मॅडम, ऐकलं मी. तेवढा जुनाच आकडा छापा ना. काकांचा आकडा बरोबर असतो."

"तो बरोबर आहे की नाही, ते मला अजून माहीत नाही, चंदूभाऊ."

"म्हणजे मी सहाशे किलो माल वाया घालवला?"

"तेही माहीत नाही."

"मग तुम्हाला माहीत काय आहे?"

"सध्या फक्त दोनशे बावीस," ती म्हणाली. "आणि हे ताडगोळे घेऊन जा. नाहीतर साहेब म्हणतील, आता मीही तुम्हाला सांभाळून घेतलं."

चंदू हसला नाही, पण पिशवी उचलून माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी ती तिथेच राहू दिली.

तो गेल्यावर तिने महिना फोडला. आधी दिवसांत. कोणत्या दिवशी दोन्ही पद्धतींत फरक येतो आणि कोणत्या दिवशी नाही, हे बघितलं. मग त्यातला एकच दिवस घेतला, नऊ एप्रिल. त्या दिवशी फरक अकरा किलोंचा होता. कॉम्प्युटरमधून तिने त्या दिवशीच्या प्रत्येक क्रेटची यादी काढली आणि माझं रजिस्टर शेजारी उघडलं. अकरा किलोंचा एकच क्रेट होता. माझ्याकडे तो दुसऱ्या पाळीत होता, कॉम्प्युटरकडे तिसऱ्या.

"वजन केव्हा झालं, माहितेय?" तिने बोट ठेवलं. "सकाळी सहा चौदा."

तिने दुसरा दिवस घेतला. सहा चाळीस. तिसरा दिवस, सहा बावीस. असे महिन्यात एकोणीस क्रेट निघाले आणि सगळे सकाळी सहा ते सात या वेळेतले. कॉम्प्युटर वेळेवरून पाळी ठरवत होता. रात्री अकरा ते सकाळी सात म्हणजे तिसरी पाळी. त्याच्या हिशेबाने त्याचं काही चुकत नव्हतं.

"पण काका, त्याच तासात तिसऱ्या पाळीचेही क्रेट आहेत, आणि ते तुम्ही तिसरीतच लिहिलेत. मग हे एकोणीस दुसरीचे, हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"गाठीवरून," मी म्हणालो.

"कसली गाठ?"

मला सांगता येईना. अकरा वर्षं मी ते करत होतो, पण कोणाला सांगायची वेळ आली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं. "उद्या सकाळी सहाला काट्यावर ये," एवढंच मी म्हणालो.

ती पावणेसहालाच हजर होती. काट्याजवळ ठमाबाई झाडू मारत होती. ठमाबाई चंदूच्याच गावची, साठीला टेकलेली. वाया गेलेल्या मालाचे क्रेट ओढून आणायचे, काट्यावर चढवायचे आणि मग ग्राइंडरकडे न्यायचे हे तिचं काम. स्टोअर संध्याकाळी सातला बंद व्हायचं. दुसरी पाळी मात्र अकरापर्यंत चालायची. सातनंतर भरलेले क्रेट त्यामुळे रात्रभर भिंतीशी पडून राहायचे आणि सकाळी सहाला तिसऱ्या पाळीच्या क्रेटांबरोबर काट्यावर यायचे.

"काय गो बाय, येवढ्या सकाली?" ठमाबाईने विचारलं.

"मावशी, हा क्रेट कोणत्या पाळीचा?"

"गाठी मोज ना." ठमाबाईने क्रेटच्या कडीला बांधलेली सुतळी दाखवली. "एक गाठ म्हंजे सकालपाली. दोन म्हंजे दुपारपाली. तीन म्हंजे रातपाली. ज्या पालीचा तिचाच मानूस मारून ठेवतो. मी शिकवलंय सगल्यांना."

संध्या खाली बसली. तिने सुतळी हातात घेऊन एकेक गाठ मोजली, मग पुढच्या क्रेटवर गेली, मग त्याच्या पुढच्या. हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

"अनंता, तुला माहीत होतं हे?"

काट्याच्या कॉम्प्युटरवर बसलेला अनंता म्हणाला, "माहीत आहे की. सगळ्यांना माहीत आहे. पण स्क्रीनवर गाठ टाकायला जागा कुठाय?"

जागा नव्हती, कारण स्क्रीन बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगायला पाहिजे होतं मी. गाठ बघून मी रजिस्टरमध्ये वजनापुढे ठिपके द्यायचो, एक, दोन किंवा तीन. ठिपक्यांवरून एक्सेल भरायचो. ते काम आहे असं मला कधी वाटलंच नाही.

गुरुवारचा पूर्ण दिवस आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. मी वजन वाचायचो, ती यादीतला क्रेट शोधून ठिपके लिहायची. संध्याकाळी चारच्या सुमाराला ती थांबली.

"काका, सतरा तारखेच्या या क्रेटपुढे ठिपकेच नाहीत."

मी चष्मा पुसला.

"असे तीन आहेत," ती म्हणाली. "तीन मिळून छत्तीस किलो. रजिस्टरमध्ये ठिपके नाहीत, पण डॅशबोर्डवर तुम्ही ते दुसऱ्या पाळीत धरलेत. का?"

बाजूला कोणी नव्हतं. मला वाटलं, म्हणावं की ठिपके द्यायचे राहिले, क्रेट दुसरीचेच होते. तिने ते लिहून घेतलं असतं. आकडे जुळले असते, चंदू सुटला असता आणि मीही. ती पेन धरून थांबली होती. घाई करत नव्हती, रोखूनही बघत नव्हती. तिला खरोखरच फक्त जाणून घ्यायचं होतं.

"कधी कधी ओढताना सुतळी निघून पडते," मी म्हणालो. "मग कळत नाही कोणाचा. असे क्रेट मी दुसरीत टाकायचो."

"दुसरीतच का?"

"चंदू दर महिन्याला विचारायला येतो, भाऊ, माझा आकडा किती. पहिल्या पाळीवालाही येतो. दुसरीवाला कधी येत नाही."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने ते लिहिलं. अगदी तसंच लिहिलं नाही. तिने लिहिलं: गाठ नसलेले क्रेट जुन्या पद्धतीत अंदाजाने दुसऱ्या पाळीत धरले जात.

"आता हे कुठे टाकायचे?" मी विचारलं.

"कुठेच नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून दाखवायचं."

शुक्रवारी सुट्टी होती. शनिवारी कॉम्प्युटरवाल्याने काट्याच्या स्क्रीनवर गाठींचा रकाना टाकला. तो भरल्याशिवाय वजन पुढे जायचं नाही, आणि गाठ नसली तर शून्य टाकायचं. एप्रिलच्या क्रेटांना संध्याने रजिस्टरवरून गाठी लावल्या, मेच्याही लावून घेतल्या आणि एप्रिलचं पान पुन्हा काढलं. मला वाटलं, आता तेवढे दोन चौकोन बघेल. तिने सगळे एक्केचाळीस पुन्हा ताडले.

"एक शिवण उसवून नीट केली की शेजारची ओढली जाते," असं म्हणत ती कागद घेऊन खिडकीपाशी गेली.

तिसरी पाळी काचेवर स्वच्छ एकच दिसली, तीनशे अठ्ठ्याण्णव. दुसरी चारशे. आणि खाली एक नवा, बेचाळिसावा चौकोन होता, ज्याला जुन्या कागदावर जोडीच नव्हती. त्यात लिहिलं होतं: पाळी ठाऊक नाही, छत्तीस किलो.

सोमवारी मीटिंगमध्ये तिने आधी फरकांचा कागद दिला, प्रत्येक फरकापुढे कारण. साहेबांनी तो भरभर वाचला आणि शेवटच्या ओळीवर अडकले. चंदू दाराजवळच्या खुर्चीत टोकावर बसला होता.

"ये क्या है, पाळी ठाऊक नाही? मालकांसमोर असं लावायचं? कोणाच्या तरी नावावर टाक ना."

"कोणाच्या टाकू सर?"

साहेबांनी चंदूकडे पाहिलं. "हे सगळे याचेच असले तर?"

"तेही काढून बघितलंय," संध्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "छत्तीसच्या छत्तीस किलो तिसऱ्या पाळीत टाकले तरी तीन पूर्णांक चारच्या पुढे जात नाही. पिवळाच राहतो. दुसरीत टाकले तरी पिवळाच. म्हणजे कोणाचा रंग या छत्तीसवर अवलंबून नाही. पण ते कोणाचे आहेत हे आपल्याला माहीत नाही, एवढं खरं आहे."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. घाईच्या माणसाच्या मानाने फारच वेळ. मग ते मला म्हणाले, "काका, अकरा साल से गाठ गिनते थे? बोलायचं ना एकदा."

"कोणी विचारलं नाही, साहेब," मी म्हणालो. सभेत माझं एवढंच बोलणं झालं.

"ठीक आहे, लावा," साहेब म्हणाले. "आणि चंदूची ऑर्डर काढा, पक्की."

मेचं पान मंगळवारी, तीन तारखेला, वेळेवर फळ्यावर लागलं. त्यातही तिसरी पाळी पिवळी होती आणि पाळी ठाऊक नाही या चौकोनात चोवीस किलो होते. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: एप्रिलच्या पानात दुसऱ्या पाळीचा आकडा सुधारला आहे, चारशे छत्तीसऐवजी चारशे. माझं नाव तिने लिहिलं नव्हतं. ते वाचून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

चंदू रात्रीची पाळी संपवून घरी निघाला होता. फळ्यापाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, स्वतःचा चौकोन बघून जाईल. त्याने तो बघितला आणि मग खालच्या चोवीस किलोंवर बोट ठेवलं.

"भाऊ, यातले माझे किती असतील?"

"ते तर कोणालाच माहीत नाही."

"मला माहीत असायला पाहिजे ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी काट्यावर गेलो तर चंदू क्रेटांपाशी उकिडवा बसला होता. तिसऱ्या पाळीच्या प्रत्येक क्रेटची सुतळी तो ओढून बघत होता, सैल असली तर सोडून पुन्हा बांधत होता. ठमाबाई शेजारी उभी राहून सांगत होती, "अशी नय रे, खालून घे, खालून." आणि तिच्यामागे संध्या वही घेऊन उभी होती. गाठ खालून घेतल्याने काय फरक पडतो, ते तिला जाणून घ्यायचं होतं.